‘मंगळवारी पाचला बोलू’: परदेशातल्या सहकाऱ्यांना मीटिंगची वेळ बिनचूक कशी कळवायची

‘मंगळवारी पाचला बोलू’ एवढी एक ओळ चार देशांतल्या चार जणांमध्ये फिरते आणि सगळ्यांकडून ‘चालेल’ असं उत्तर येतं. घोटाळा तिथेच पक्का होतो. वेळ कळली नाही म्हणून कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण इथे प्रत्येकाला वेळ कळलेली असते, फक्त आपापल्या घड्याळातली. त्यामुळे चूक उघडी पडते ती थेट मंगळवारीच.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवलं आहे. टीम लीड लंडनला आहे, डिझायनर न्यूयॉर्कला, टेस्टर सिडनीला आणि डेव्हलपर भारतात. लीडने मंगळवार, २७ ऑक्टोबर २०२६ साठी ‘पाचला’ असं लिहिलं, मनात अर्थातच लंडनचे संध्याकाळचे पाच. प्रत्येकाने आपापले संध्याकाळचे पाच धरले, तर सिडनीचा माणूस अकरा तास आधी येऊन जाईल, भारतातला साडेपाच तास आधी, आणि न्यूयॉर्कचा चार तास उशिरा उगवेल. सकाळचे पाच धरणारा एखादा निघाला तर तो वेगळाच.

## टप्पा १ : माणसांची नव्हे, शहरांची यादी करा

वेळेचा विचार करण्याआधी कोण त्या दिवशी कुठे असणार आहे ते लिहून काढा. ऑफिस कुठे आहे किंवा माणूस मूळचा कुठला, याला इथे अर्थ नाही. त्या मंगळवारी त्याचं घड्याळ कुठल्या शहराचं असेल, एवढंच हवं. रजेवर, दौऱ्यावर किंवा घरून काम करणाऱ्याला एकदा विचारून घ्या.

देशाचं नाव पुरत नाही, शहरच लागतं. ‘ऑस्ट्रेलिया’ म्हटलं तर सिडनी उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे करतं, ब्रिस्बेन करत नाही. हिवाळ्यात दोघांची वेळ एक असते, उन्हाळ्यात तासाचं अंतर पडतं. अमेरिकेत डेन्व्हर आणि फिनिक्सचं हेच आहे: नावाला दोन्ही माउंटन टाइममध्ये, पण फिनिक्स वर्षभर घड्याळाला हात लावत नाही.

यादी झाली की एक गोष्ट ठरवा: ही मीटिंग कुणाच्या घड्याळावर चालणार? मी त्याला मुख्य शहर म्हणतो. वेळ त्या शहराची लिहायची, बाकीच्यांच्या वेळा तिच्यावरून काढायच्या. आपल्या उदाहरणात बोलावणारी लीड लंडनची आहे, म्हणून मुख्य शहर लंडन.

तपासा : यादीतल्या प्रत्येक नावापुढे शहर आहे का? कुठे नुसतं ‘यूएस’ किंवा ‘युरोप’ लिहिलेलं असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : फरक पाठ म्हणू नका, त्या तारखेचा पाहा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या अनुभवी लोकांकडूनच होतात. ‘लंडन आपल्या साडेचार तास मागे’ हे त्यांना पाठ असतं. ते खरंही असतं, पण वर्षातले साधारण सात महिनेच. लंडनची घड्याळं मागे सरकली की तोच फरक साडेपाच तासांचा होतो.

शिवाय सगळे देश एकाच दिवशी घड्याळ सरकवत नाहीत. युरोपात उन्हाळी वेळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपते, म्हणजे २०२६ मध्ये २५ तारखेला. अमेरिकेत ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, १ नोव्हेंबरला संपते. सिडनी दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तिथे उलटा प्रकार: तिथली घड्याळं ४ ऑक्टोबरलाच पुढे गेलेली असतील. भारत जागचा हलत नाही.

आता या एका महिन्यात लंडन आणि सिडनी यांच्यात काय होतं ते पाहा. ४ ऑक्टोबरच्या आधी अंतर नऊ तासांचं, त्यानंतर दहा, आणि २५ तारखेनंतर अकरा. लंडन–न्यूयॉर्कमध्ये एरवी पाच तास असतात, पण आपली मीटिंग ज्या आठवड्यात आहे त्या आठवड्यात ते चार होतात. पाठांतर इथे कुणालाच वाचवत नाही.

म्हणून वेळ काढताना कन्व्हर्टरमध्ये तारीख भरा. तारीख न विचारणारा कन्व्हर्टर आजचा फरक दाखवतो, आणि तुम्हाला हवा असतो तीन आठवड्यांनंतरचा. लिनक्सवर काम करत असाल तर टर्मिनलमध्ये एका ओळीत उत्तर मिळतं:

```
TZ="Asia/Kolkata" date -d 'TZ="Europe/London" 2026-10-27 17:00'
```

याचा अर्थ, लंडनला २७ ऑक्टोबरचे 17:00 वाजतील तेव्हा भारतात किती वाजले असतील ते सांग. उत्तर येतं त्याच दिवशीचे 22:30. पहिल्या जागी `America/New_York` किंवा `Australia/Sydney` घातलं की त्या शहराची वेळ मिळते. `Asia/Kolkata` पाहून बिचकू नका. संगणकाच्या टाइम झोनच्या यादीत झोनला एखाद्या मोठ्या शहराचं नाव देतात आणि सबंध भारताचा झोन कोलकात्याच्या नावाने आहे.

हाताने करायचं असेल तर मधे यूटीसी घ्या, म्हणजे सगळ्या झोनचा हिशेब जिच्यावरून होतो ती कधीही न सरकणारी वेळ. मुख्य शहराची वेळ आधी यूटीसीत आणा, मग तिथून प्रत्येक शहराकडे जा. थेट सिडनीवरून न्यूयॉर्कला उडी मारली की बेरीज–वजाबाकीची दिशा चुकते. त्या मंगळवारी लंडन यूटीसीबरोबर असेल, न्यूयॉर्क चार तास मागे, भारत साडेपाच पुढे आणि सिडनी अकरा पुढे.

संध्याकाळचे ‘पाच’ कुणाचे, यावर त्या दिवशी काय काय होऊ शकतं ते असं:

| पाच कुणाचे | लंडन | न्यूयॉर्क | भारत | सिडनी |
|---|---|---|---|---|
| लंडन | 17:00 | 13:00 | 22:30 | 04:00 (बुधवार) |
| न्यूयॉर्क | 21:00 | 17:00 | 02:30 (बुधवार) | 08:00 (बुधवार) |
| भारत | 11:30 | 07:30 | 17:00 | 22:30 |
| सिडनी | 06:00 | 02:00 | 11:30 | 17:00 |

पहाटेचे पाच धरले तर आणखी चार ओळी.

तपासा : मीटिंग मार्च, एप्रिल, ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरमध्ये असेल तर काढलेली वेळ दुसऱ्या साधनाने पुन्हा एकदा काढा. या चार महिन्यांत मी स्वतःवरही विश्वास ठेवत नाही.

## टप्पा ३ : सकाळ, संध्याकाळ आणि वार

मराठीत बोलताना आपण ‘पहाटे पाच’, ‘संध्याकाळी पाच’ असं आपसूक म्हणतो. इंग्रजी मेल लिहायला बसलो की नेमका तोच शब्द गळतो आणि नुसता ‘5’ उरतो. त्यावर उपाय एकच: चोवीस तासांचं घड्याळ. 17:00 ला दुसरा अर्थ नाही. पहाटेची वेळ असेल तर 05:00 लिहा, पुढचं शून्य गाळू नका. नुसतं 5:00 दिसलं की वाचणाऱ्याला पुन्हा शंका येते की लिहिणाऱ्याने बारा तासांचं घड्याळ वापरलं असावं.

ज्यांना चोवीस तासांची सवय नाही अशांसाठी 17:00 च्या पुढे ‘पीएम’ची वेळही लिहायला हरकत नाही. पण दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या बाराला ‘एएम–पीएम’च्या भरवशावर राहू नका, अर्धे लोक उलट वाचतात. मीटिंग 12:15 ला ठेवली तर निदान 00:15 शी गल्लत होत नाही.

आता वार. इथे आपल्याच भाषेची एक सवय नडते. न्यूयॉर्कचे मंगळवार संध्याकाळचे पाच म्हणजे भारतातले रात्रीचे अडीच. आपण सहज म्हणतो, ‘मंगळवारी रात्री अडीचला कॉल आहे’, कारण आपली रात्र झोपून उठेपर्यंत मंगळवारचीच असते. कॅलेंडरच्या हिशेबाने मात्र तो बुधवार. मराठीत निरोप देताना ‘मंगळवारी रात्री’ म्हणालात आणि समोरच्याने कॅलेंडरमध्ये मंगळवार 02:30 टाकलं, तर तो चोवीस तास आधी जागा राहतो. मध्यरात्रीनंतरच्या वेळेला वार आणि तारीख दोन्ही हवेत: ‘मंगळवार संपून बुधवार लागल्यावर, २८ तारखेला 02:30’. जरा लांबलचक वाटतं, पण जागरण एकदाच होतं.

‘आज’, ‘उद्या’ हे शब्दही मेलमधून काढून टाका. तुम्ही रात्री ‘उद्या’ लिहिता तेव्हा सिडनीत तुमचा उद्या आधीच सुरू झालेला असतो. तारीख आकड्यांत लिहायची असेल तर महिना अक्षरांत लिहा. 10/11 हे अमेरिकेत ११ ऑक्टोबर असतं आणि इतर बऱ्याच ठिकाणी १० नोव्हेंबर.

(तोंडी ठरवताना आणखी एक खाचखळगा. इंग्लंडमधला माणूस ‘हाफ फाइव्ह’ म्हणाला तर ते साडेपाच असतात, आणि जर्मन माणसाचं ‘हाल्ब फ्युन्फ’ म्हणजे साडेचार. फोनवर ठरलेली वेळ लेखी आल्याशिवाय पक्की धरू नका.)

## टप्पा ४ : ओळ लिहा, आणि लिहिल्यावर वाचा

आता लीडची ‘पाचला बोलू’ ही ओळ अशी होते:

```
Tue 27 Oct 2026, 17:00-17:45 London (UTC+0)
New York 13:00 | India 22:30 | Sydney 04:00 (Wed 28 Oct)
```

पहिल्या ओळीत वार आणि तारीख दोन्ही मुद्दाम आहेत. एक चुकलं तर दोन्ही जुळत नाहीत आणि कुणीतरी विचारतं. शहर हे माणसाला कळण्यासाठी, कंसातला यूटीसीचा आकडा हिशेब पडताळण्यासाठी. संपण्याची वेळ दिली की रूपांतर करताना झालेली चूकही लवकर दिसते.

शहराऐवजी झोनची तीन अक्षरं लिहिण्याचा मोह टाळा. आयएसटी म्हणजे आपल्यासाठी भारतीय प्रमाणवेळ, पण आयर्लंड आणि इस्रायलसुद्धा आपापल्या वेळेला हीच अक्षरं लावतात. सीएसटी अमेरिकेच्या मध्य भागाची असते आणि चीनचीही. अमेरिकी सहकारी तर जुलैतसुद्धा ‘ईएसटी’ लिहून मोकळे होतात. खरी ईएसटी ही हिवाळ्याची वेळ आहे, उन्हाळ्यात ती ईडीटी होते. त्याने लिहिलेली अक्षरं कन्व्हर्टरमध्ये जशीच्या तशी घातलीत तर तुम्ही एक तास उशिरा पोचता आणि चूक त्याची असूनही माफी तुम्ही मागता. ‘न्यूयॉर्क टाइम’ लिहिलं की हा प्रश्नच उरत नाही.

ओळ लिहून झाली की पाठवण्याआधी दुसरी ओळ मोठ्याने वाचा. सिडनीला पहाटेचे चार! ‘पाचला’ असं मोघम लिहिलं होतं तोवर हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, लीडच्याही नाही. आता टेबलाकडे परत जा. चौघेही जागे असतील अशी एकच ओळ तिथे आहे, भारताच्या पाचची. लंडनला साडेअकरा, न्यूयॉर्कला जरा लवकर पण सकाळच, सिडनीला झोपायच्या आधी. शिवाय सगळीकडे तारीख तीच. म्हणून ओळ बदलते:

```
Tue 27 Oct 2026, 11:30-12:15 London (UTC+0)
New York 07:30 | India 17:00 | Sydney 22:30
```

सावधान : दुसऱ्या ओळीतल्या वेळा वाचणाऱ्याच्या सोयीसाठी आहेत. दोन्ही ओळींत विसंगती दिसली तर मुख्य शहराची वेळ खरी धरायची, असं टीमला एकदा सांगून ठेवा.

## टप्पा ५ : कॅलेंडरचं आमंत्रण

मेलमधली ओळ वाचायला असते, घंटी वाजवतं ते कॅलेंडर. आमंत्रण बनवताना वेळेशेजारच्या टाइम झोनच्या रकान्यात मुख्य शहर निवडा. तो रकाना रिकामा सोडला तर कॅलेंडर तुमच्या लॅपटॉपचा किंवा खात्याचा झोन धरतं.

हे मी स्वतः भोगलं आहे. दौऱ्यावरून परत आलो, लॅपटॉपचं घड्याळ बदललं, पण कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये जुनंच शहर राहिलं. मेलमधली वेळ अगदी बरोबर होती. आमंत्रण मात्र साडेतीन तासांनी चुकलं, आणि लोकांनी साहजिकच आमंत्रणावर विश्वास ठेवला.

आमंत्रणाची `.ics` फाइल हाताने किंवा एखाद्या स्क्रिप्टने बनवत असाल तर सुरुवातीच्या वेळेची ओळ उघडून पाहा.

```
DTSTART:20261027T113000
DTSTART;TZID=Europe/London:20261027T113000
```

पहिल्या ओळीत झोन नाही. अशी वेळ तरंगती असते: ज्याच्या कॅलेंडरमध्ये जाईल त्याच्या घड्याळाचे साडेअकरा. ‘पाचला बोलू’चा हा फाइलमधला भाऊ. प्रत्येकाला आपल्या ठिकाणचे साडेअकरा दिसतात, तपासणाऱ्यालाही त्यात वावगं दिसत नाही. दुसरी ओळ बरोबर आहे. शेवटी `Z` असलेली ओळही चालते, ती यूटीसीची वेळ असते. पण ती एकदाच होणाऱ्या मीटिंगसाठी ठीक, कारण दर आठवड्याच्या मीटिंगला घड्याळं सरकली की ती लंडनच्या साडेअकराला धरून राहत नाही.

आमंत्रणाच्या शीर्षकात वेळ लिहू नका. मीटिंग पुढे ढकलली की कॅलेंडर वेळ बदलतं, शीर्षक बदलत नाही, आणि दोन वेळा समोरासमोर उभ्या राहतात.

तपासा : आमंत्रण पाठवल्यावर सगळ्यात दूरच्या एका सहकाऱ्याला विचारा, ‘तुझ्या कॅलेंडरमध्ये वार आणि वेळ काय दिसतेय?’ त्याने ‘मिळालं’ म्हटलं तर ते उत्तर धरू नका. सिडनीहून ‘मंगळवार, 22:30’ आलं की झालं.

## टप्पा ६ : तीच मीटिंग दर मंगळवारी ठेवायची असेल तर

लंडनच्या साडेअकराला बांधलेली मीटिंग लंडनमध्ये कायम साडेअकरालाच राहील. हलतील ते बाकीचे. १ नोव्हेंबरला अमेरिकेची घड्याळं मागे गेली की न्यूयॉर्कला 07:30 चे 06:30 होतील. १४ मार्च २०२७ ला तिथली घड्याळं पुढे गेली की दोन आठवडे पुन्हा 07:30, आणि २८ मार्चला लंडनची घड्याळं पुढे गेल्यावर परत 06:30. भारतात त्याच दिवसापासून मीटिंग 17:00 ऐवजी 16:00 ला येईल. ४ एप्रिलला सिडनी हलेल ते वेगळं.

म्हणून कायमची मीटिंग बांधताना मुख्य शहर पुन्हा ठरवा. जास्त माणसं जिथे आहेत, किंवा ज्याला मुलांना शाळेतून आणण्यासारखं न हलणारं काम आहे, त्याचं शहर घ्या. भारताच्या वेळेला बांधलं तर ते यूटीसीला बांधल्यासारखंच असतं: आपल्याकडे काही हलत नाही, घड्याळं सरकवणाऱ्या सगळ्यांकडे हलतं. पर्याय कुठलाही घ्या, पण वरच्या चार तारखांच्या आधीच्या आठवड्यात नव्या वेळांची दुसरी ओळ पुन्हा पाठवा. कॅलेंडर आपोआप बदलतं हे खरं, पण सहा महिने एकाच वेळेची सवय लागलेला माणूस कॅलेंडर उघडत नाही.

## टप्पा ७ : नुसतं ‘पाचला’ तुम्हालाच आलं तर

‘कुठला टाइम झोन?’ असं विचारू नका. उत्तर ‘माझा’ किंवा ‘ईएसटी’ असं येतं आणि तुम्ही होता तिथेच राहता. तुम्हाला जो अर्थ सर्वात शक्य वाटतो तो पूर्ण लिहा आणि फक्त होकार मागा: ‘मंगळवार, २७ ऑक्टोबर, लंडनचे 17:00, म्हणजे माझ्याकडे त्याच रात्री 22:30. बरोबर ना?’ चुकलं असेल तर समोरचा लगेच दुरुस्त करतो, कारण चुकीचा आकडा त्याला डोळ्यांसमोर दिसतो. मोघम प्रश्न विचारला की तोही मोघमच विचार करतो. त्याची दुरुस्ती आली की तीही याच साच्यात लिहून परत पाठवा.

चुकीची वेळ तुम्हीच पाठवून बसला असाल तर जुन्या मेलखाली ‘सॉरी, लंडनचे पाच’ एवढं लिहून थांबू नका. ज्यांनी जुना मेल वाचून मनात वेळ पक्की केली, ते खालचं वाचत नाहीत. जुनं आमंत्रण रद्द करा, नवीन पाठवा, आणि नव्या मेलच्या विषयातच ‘वेळ बदलली’ असं लिहून दोन्ही ओळी पुन्हा द्या. मग जो कुणी आधीच चुकीच्या वेळेला हजर राहू शकतो त्याला वेगळा निरोप धाडा. आपल्या उदाहरणात तो सिडनीचा माणूस. त्याचे पाच सगळ्यांच्या आधी वाजतात.